फोटोतल्या मीटरचा काटा

ओहमच्या नियमाचा प्रयोग आजकाल पुष्कळ ठिकाणी असा होतो. जोडणी झाली, प्लग-की बसवली, काटे हलले की वहीत आकडा लिहिण्याआधी मोबाइल बाहेर येतो. अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर एकाच चौकटीत घेऊन फोटो काढायचा, पुढच्या गटाला टेबल मोकळं करून द्यायचं आणि जर्नल घरी निवांत भरायचं. सोसायटीच्या पंपाच्या पॅनेलचा फोटोही इलेक्ट्रिशियनला असाच जातो. पद्धत वाईट नाही. फोटो मोठा करून बघता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो आणि दोन्ही मीटर एकाच क्षणी काय दाखवत होते याचा पुरावा हातात राहतो.

प्रत्यक्ष मीटरसमोर बसलेला माणूस मात्र काटा वाचताना नकळत डोकं इकडेतिकडे हलवून काटा नक्की कोणत्या रेघेवर आहे ते ठरवतो. फोटोत ती सोय संपते. कॅमेरा जिथे होता तिथेच वाचणाऱ्याचा डोळा खिळून राहतो. म्हणून फोटो वाचताना दोन गोष्टी शोधाव्या लागतात. काटा कुठे दिसतो ही पहिली. आणि तो जिथे दिसतो तिथेच होता का, ही दुसरी.

आपण एक नमुन्याचा फोटो घेऊ. डावीकडे शून्य ते ५०० मिलिअँपिअरचा अ‍ॅमीटर, उजवीकडे शून्य ते ३ व्होल्टचा व्होल्टमीटर. दोन्ही नेहमीचे, टेबलावर उभे राहणारे. मधे ५ ओहमचा रोध. अ‍ॅमीटरचा काटा २५०च्या जवळ आहे, व्होल्टमीटरचा १.३च्या थोडा पुढे.

सुरुवात लघुतम मापापासून. तबकडीवरच्या एका लहान घराची किंमत म्हणजे लघुतम माप. अ‍ॅमीटरवर १००, २०० असे आकडे आहेत आणि दोन आकड्यांच्या मधे बारीक रेघा आहेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे घरांऐवजी रेघा मोजणं. १०० आणि २०० यांच्यामधे ९ बारीक रेघा दिसतात, पण त्यांच्यामुळे घरं पडतात १०. कोणी दोन्ही टोकांच्या रेघा धरून ११ मोजतो, कोणी मधल्या ९ मोजतो आणि दोघांचंही उत्तर चुकतं. घरं १० म्हणजे १०० भागिले १०, एक घर १० मिलिअँपिअरचं. व्होल्टमीटरवर शून्य ते १ मधे १० घरं आहेत, म्हणून एक घर ०.१ व्होल्टचं. पाचवी रेघ बहुधा थोडी लांब असते. अंधूक फोटोत बारीक रेघा एकमेकींत मिसळल्या असतील, तर त्या लांब रेघेचा आधार घ्यावा.

मोजण्याआधी तबकडीवरचं एकक बघायला हवं. A आणि mA यांत हजारपटीचा फरक आहे. एकाच तबकडीवर दोन पट्ट्या असतील, उदाहरणार्थ ३ व्होल्ट आणि १५ व्होल्ट, तर नुसत्या तबकडीच्या फोटोवरून वाचन ठरतच नाही. वायर कोणत्या टर्मिनलला लावली आहे तेही चौकटीत दिसायला हवं.

काटा दोन रेघांच्या मधे असेल तर काय लिहायचं? अशा मीटरवर डोळा अर्धं घर भरवशाने ओळखतो. म्हणून अ‍ॅमीटरचं वाचन ५ मिलिअँपिअरच्या आणि व्होल्टमीटरचं ०.०५ व्होल्टच्या टप्प्याने लिहिणं रास्त आहे. फोटो कितीही मोठा करता येत असला, तरी २४८.३ असं लिहिण्यात अर्थ नाही. पडद्यावर काटा बोटाएवढा जाड दिसतो तेव्हा रेघही तेवढीच जाड झालेली असते. आपल्या फोटोत अ‍ॅमीटरचा काटा २५०च्या रेघेला लागून, किंचित अलीकडे दिसतो. लिहू २५०. व्होल्टमीटरचा काटा १.३ आणि १.४ यांच्या जवळजवळ मधे दिसतो. लिहू १.३५. भागाकार केला की रोध येतो ५.४ ओहम. रोधावर छापलंय ५. जर्नलमधे अशा ठिकाणी ‘जोडणीतील रोधामुळे’ असं काहीतरी लिहून पुढे जाण्याची रीत आहे. पण इथे चूक जोडणीत नाही, फोटोत आहे.

काटा तबकडीला चिकटलेला नसतो. तो मोकळा फिरावा म्हणून तबकडीपासून थोडा पुढे असतो. आपल्या मीटरमधे हे अंतर ३ मिलिमीटर धरू. समोरून पाहिलं तर काट्याच्या बरोबर मागे असलेली रेघ दिसते. बाजूने पाहिलं तर भलतीच. गाडीत शेजारच्या सीटवरून स्पीडोमीटर पाहणाऱ्याला चालकापेक्षा वेगळा वेग दिसतो, तो यामुळेच. पाठ्यपुस्तकातला पराशय, प्रयोगशाळेतला पॅरॅलॅक्स, तो हाच.

आपल्या फोटोत दोन मीटर शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही चौकटीत यावेत म्हणून कॅमेरा दोघांच्या मधोमध धरलेला आहे. म्हणजे तो दोघांपैकी एकाच्याही समोर नाही. अ‍ॅमीटर डावीकडे आहे, त्याला कॅमेरा उजवीकडून पाहतो. काटा पुढे आणि तबकडी मागे असल्यामुळे काटा खऱ्या जागेच्या डावीकडे सरकल्यासारखा दिसतो आणि आकडा कमी भासतो. उजवीकडच्या व्होल्टमीटरला तोच कॅमेरा डावीकडून पाहतो. तिथे काटा उजवीकडे सरकतो आणि आकडा वाढतो. रोध काढताना वाढलेल्या व्होल्टला घटलेल्या अँपिअरने भागलं जातं. दोन चुका एकमेकींना खोडत नाहीत, उलट एकाच दिशेने साचतात. मीटरांची अदलाबदल केली असती तर रोध तेवढाच कमी आला असता.

किती, तेही काढता येतं. मीटरांच्या मध्यांत १६ सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे कॅमेरा प्रत्येकाच्या समोरच्या जागेपासून ८ सेंटिमीटर बाजूला. तबकडीपासून तो ३० सेंटिमीटरवर आहे. ८ भागिले ३०, गुणिले काट्याची ३ मिलिमीटरची उंची, उत्तर ०.८ मिलिमीटर. काटा तबकडीवर एवढा सरकलेला दिसणार. अ‍ॅमीटरची कमान ६ सेंटिमीटरची आणि तिच्यावर घरं ५०, म्हणून एक घर १.२ मिलिमीटरचं. ०.८ मिलिमीटर म्हणजे घराचा दोन-तृतीयांश भाग, सुमारे ७ मिलिअँपिअर. व्होल्टमीटरवर तेवढ्याच लांबीत ३० घरं, म्हणून एक घर २ मिलिमीटरचं. तिथे चूक ०.०४ व्होल्ट. म्हणजे अ‍ॅमीटरचा काटा खरा २५५वर होता आणि फोटोत २४८वर दिसला. व्होल्टमीटरचा १.३०वर होता आणि १.३४वर दिसला.

काटा मध्याजवळ, म्हणजे जवळजवळ उभा, असताना हा हिशोब चालतो. काटा कलला की गणित बदलतं. काट्याच्या लांबीच्या दिशेने झालेली सरक वाचन बिघडवत नाही, काट्याला आडवी झालेली सरक बिघडवते. त्यामुळे उभं राहून वरून काढलेल्या फोटोत एक चमत्कारिक प्रकार होतो. काटा मध्यावर असेल तर तो फक्त खाली सरकतो आणि वाचन शाबूत राहतं. पण काटा डाव्या टोकाजवळ असेल तर तेच खाली सरकणं आकडा कमी करतं आणि उजव्या टोकाजवळ असेल तर आकडा वाढवतं. एकच मीटर आणि एकच कॅमेरा, पण पट्टीच्या दोन टोकांना चूक उलट्या दिशेची.

फोटो कुठून काढला हे फोटो पाहून कळतं का? बऱ्याच वेळा कळतं. मीटरच्या खोक्याच्या आतल्या कडा बघाव्यात. डाव्या बाजूची आतली भिंत जास्त दिसत असेल, तर कॅमेरा उजवीकडे होता. खालची जास्त दिसत असेल, तर तो वर होता. चारही बाजू सारख्या दिसत असतील तर फोटो विश्वासाचा.

काट्याच्या सावलीवर मात्र विसंबू नये. पुष्कळजण सावली काट्यामागे लपली की फोटो सरळ आहे असं धरतात. सावली कुठे पडते ते दिव्याच्या जागेवर ठरतं, कॅमेऱ्याच्या नाही. मोबाइलचा फ्लॅश तर लेन्सच्या शेजारीच असतो. त्यामुळे कितीही तिरका फोटो काढला तरी सावली काट्याच्या जवळजवळ मागेच जाते आणि सरळ फोटोचा भास निर्माण करते. शिवाय काचेवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो, तो बहुधा नेमका हव्या त्या रेघांवर.

चांगल्या मीटरमधे पट्टीखाली आरशाची एक अरुंद कमान असते. समोर बसून वाचताना काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकमेकांवर आलं की डोळा बरोबर जागी आहे असं समजायचं, हे प्रयोगशाळेत शिकवतात. फोटोत ही कमान आणखी एका कामाला येते आणि ती युक्ती फारशी कोणी वापरत नाही. फोटो तिरका असेल तर काटा आणि प्रतिबिंब वेगवेगळे दिसतील. काटा आरशाच्या जितका पुढे, तितकंच प्रतिबिंब आरशाच्या मागे. म्हणून काटा एका बाजूला जितका सरकतो, जवळजवळ तितकंच प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला सरकतं आणि खरी जागा दोघांच्या बरोबर मधे असते. काटा २४८वर आणि प्रतिबिंब २६२वर दिसत असेल, तर वाचन २५५. कॅमेरा कुठे होता, काटा किती मिलिमीटर पुढे आहे, यातलं काहीही माहीत असण्याची गरज पडत नाही. आरसा असलेल्या मीटरचा तिरका फोटो त्यामुळे फेकून द्यायचं कारण नाही.

आरसा नसेल तर फोटो काढतानाच काळजी घ्यावी. प्रत्येक मीटरचा वेगळा फोटो काढा असं सांगणं सोपं आहे, पण दोन फोटोंच्या मधल्या वेळात रोध तापतो, बॅटरी उतरते आणि मग अँपिअर एका क्षणाचे, व्होल्ट दुसऱ्या क्षणाचे होतात. मला त्यापेक्षा मागे सरकून झूम करणं बरं वाटतं. ३० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरवरून, तबकडीच्या उंचीला मोबाइल धरून तोच फोटो काढला तर सरक तिप्पट कमी होते, ०.८ मिलिमीटरची पाव मिलिमीटरवर येते. अ‍ॅमीटरवर ती २ मिलिअँपिअर, व्होल्टमीटरवर सव्वाशतांश व्होल्टच्या आसपास. अर्ध्या घराच्या टप्प्याने वाचणाऱ्याला ती जाणवणारही नाही. फोटो काढण्याआधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारावी, म्हणजे घर्षणाने अडकलेला काटा आपल्या जागी येतो. काच किंवा प्लॅस्टिकचं झाकण कोरड्या फडक्याने घासून पुसलं असेल तर त्यावरचा विद्युतभार काट्याला ओढू शकतो. हे दोन्ही दोष फोटो पाहून कधीच कळत नाहीत.

फोटोत न दिसणारा आणखी एक दोष म्हणजे शून्य त्रुटी. प्रवाह बंद असताना काटा शून्यावर थांबला नाही तर तो जिथे थांबला ती त्या मीटरची शून्य त्रुटी. आपल्या अ‍ॅमीटरचा काटा प्लग-की काढल्यावर शून्याच्या अर्धं घर डावीकडे थांबतो, म्हणजे त्रुटी उणे ५ मिलिअँपिअर. खरं वाचन काढायला दिसलेल्या वाचनातून त्रुटी तिच्या चिन्हासह वजा करायची. २५५ वजा उणे ५, म्हणजे २६०. व्होल्टमीटरचा काटा शून्यावरच थांबतो, म्हणून १.३० तसेच राहतात. आता १.३० भागिले ०.२६०, बरोबर ५ ओहम. आधीचे ५.४ आले ते कुठून, त्याचा पूर्ण हिशोब लागला. अ‍ॅमीटरमधे पॅरॅलॅक्सचे ७ आणि शून्य त्रुटीचे ५ एकाच दिशेने गेले, व्होल्टमीटरमधे पॅरॅलॅक्सचे ०.०४ उलट्या दिशेने, आणि थोडी भर अर्ध्या घराच्या टप्प्याने लिहिण्यातून पडली.

अशी सरळ वजाबाकी चालते ती मीटर चलकुंडलाचा असल्यामुळे. फ्रान्समधे दार्सोन्व्हाल यांचा चलकुंडल गॅल्व्हॅनोमीटर १८८२ सालचा. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १८८८च्या सुमारास त्यापासून हातात नेता येण्याजोगे मीटर केले. चुंबकाच्या टोकांची वक्र रचना आणि मधलं लोखंडी दंडगोल यांमुळे कुंडल कुठल्याही कोनात असलं तरी त्याला सारखंच चुंबकीय क्षेत्र मिळतं. म्हणून काटा प्रवाहाच्या प्रमाणात वळतो आणि घरं समान पडतात. काटा सुरुवातीला अर्धं घर मागे असेल तर सगळीकडे अर्धं घरच मागे राहतो. पंपाच्या पॅनेलवरचा एसी अ‍ॅमीटर बहुधा चल-लोह प्रकारचा असतो. त्याची घरं सुरुवातीला दाटीवाटीची आणि पुढे मोकळी असतात. तिथे लघुतम मापही जागोजाग बदलतं आणि शून्यावरची अर्ध्या घराची चूक पुढे किती अँपिअरची होईल ते वजाबाकीने निघत नाही. तिथे पुढचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणणं हाच उपाय, तोही पुरवठा बंद करून, जाणकाराने.

शून्य त्रुटी कळण्यासाठी दुसरा फोटो हवा, प्लग-की काढल्यानंतरचा. पहिल्या फोटोतून ती कोणत्याही युक्तीने काढता येत नाही. हा दुसरा फोटोही लांबून आणि समोरूनच घ्यायला हवा. शून्यावर काटा डावीकडे कललेला असतो, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत अगदी निर्दोष मीटरचा काटाही शून्याच्या मागे दिसतो. ती खोटी त्रुटी मध्यावरच्या वाचनातून वजा केली तर बरोबर असलेलं वाचन आपणच बिघडवतो. मीटर दोन्ही वेळा एकाच स्थितीत असायला हवा. तबकडीवर एक छोटी खूण असते, उभ्या मीटरसाठी ⊥ आणि आडव्या ठेवायच्या मीटरसाठी ⊓. फोटो वरून चांगला येतो म्हणून उभा मीटर टेबलावर पाठीवर झोपवला तर काट्याचा तोल बदलतो आणि शून्यही सरकू शकतं. काटा डावीकडच्या अडवणुकीच्या खुंटीला टेकलेला दिसत असेल, तर त्रुटी किती ते ठरवता येत नाही. खुंटी नसती तर तो आणखी मागे गेला असता. असा मीटर आधी शून्यावर आणावा, मग वापरावा.

एवढं केल्यावर २६० हा आकडा कितपत पक्का? तबकडीच्या कोपऱ्यात २.५ असा बारीक आकडा छापलेला असेल, तर तो मीटरचा वर्ग. पूर्ण पट्टीच्या २.५ टक्के इतकी चूक त्या मीटरला माफ आहे. ५००च्या २.५ टक्के म्हणजे १२.५ मिलिअँपिअर, एका घरापेक्षा जास्त. म्हणजे लघुतम माप १० असलं तरी मीटरची अचूकता १० मिलिअँपिअरची आहे असं म्हणता येत नाही. ही चूक पूर्ण पट्टीच्या हिशोबाने असल्यामुळे २६०वर ती जवळजवळ ५ टक्के होते आणि ५०वर थेट २५ टक्के. म्हणून काटा पट्टीच्या उजव्या अर्ध्या भागात येईल असा मीटर निवडावा. वर्गातली ही चूक कारखान्यातून येते आणि आपल्या हाताबाहेरची असते. वाचण्यातल्या चुका टाळता येतात, म्हणून त्या तिच्यात मिसळून सोडून देणं मला पटत नाही.

शून्याचा फोटो काढायचा राहूनच गेला आणि प्रयोगशाळा बंद झाली, तर? ओहमच्या नियमाच्या प्रयोगात एक वाट उरते, कारण तिथे एकच वाचन नसतं. समजा, नीट समोरून काढलेल्या चार फोटोंत ०.५ व्होल्टला ९५ मिलिअँपिअर, १ व्होल्टला १९५, १.५ला २९५ आणि २ व्होल्टला ३९५ अशी वाचनं मिळाली. प्रत्येक जोडीचा वेगळा भागाकार केला तर रोध ५.२६, ५.१३, ५.०८, ५.०६ असा उतरत जातो. रोध सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत एका आकड्याकडे सरकतोय, हे शून्य त्रुटीचं ठळक लक्षण. तापलेल्या तारेचा रोध प्रवाहाबरोबर वाढला असता. आता आलेख काढा आणि रेषा मागे वाढवा. ती उगमातून न जाता शून्य व्होल्टला उणे ५ मिलिअँपिअरवर येते. चढ मात्र शाबूत आहे. पहिल्या आणि शेवटच्या वाचनात १.५ व्होल्टचा आणि ३०० मिलिअँपिअरचा फरक आहे, रोध ५ ओहम. मात्र रेषा उगमापासून हलली तर ती अ‍ॅमीटरमुळे हलली की व्होल्टमीटरमुळे, हे आलेख सांगत नाही. व्होल्टमीटरचा काटा ०.०२५ व्होल्ट पुढे असता तरी रेषा नेमकी याच जागी आली असती. म्हणून रोध काढायला आलेख पुरतो, पण जर्नलमधल्या ‘अ‍ॅमीटरची शून्य त्रुटी’ या रकान्यात आलेखावरून उणे ५ लिहिता येत नाही. त्या रकान्यासाठी प्लग-की काढलेल्या मीटरचा फोटोच लागतो.